अंगाई इंग्रजीत नेताना: अर्थ चित्राकडे, नाद शब्दांकडे

आजी-आजोबांची अंगाई नातवंडांच्या इंग्रजी चित्रपुस्तकात उतरवायची, ही इच्छा पुण्यात सध्या बऱ्याच घरांत दिसते. नातू बाणेरला असो नाहीतर बर्लिनला, वाचतो इंग्रजीत आणि झोपतो मराठीत. पहिल्यांदाच असं काम हाती घेणाऱ्यांसाठी हा लेख आहे. कविता करता येत नसली तरी चालेल. कान तयार हवा, आणि एक गोष्ट आधीच मान्य करायला हवी: अंगाईत शब्दाचा अर्थ दुय्यम असतो. सहा महिन्यांच्या बाळाला ‘मेघ’ म्हणजे काय हे कळत नाही, पण ‘मे’ लांबला की त्याचे डोळे जड होतात. भाषांतरात हे डोळे जड होणं टिकवायचं आहे.

कोणती अंगाई घ्यायची

आपल्याला पटकन आठवतात त्या अंगाई बहुतेक सिनेमातल्या किंवा भावगीतातल्या असतात. त्यांचे कवी माहीत आहेत, आणि भारतात कवीच्या निधनानंतर 60 वर्षं हक्क त्यांच्या वारसांकडे किंवा ज्यांना ते दिले असतील त्यांच्याकडे राहतात. भाषांतर करून छापणं हासुद्धा त्या हक्काचाच भाग आहे. तेव्हा घरी गाण्यापुरतं ठीक, पुस्तक काढायचं तर लेखी परवानगी लागेल. तोंडातोंडी आलेली, कवी माहीत नसलेली अंगाई घेतलीत तर ही कटकट नाही. मात्र तीच अंगाई एखाद्या संग्रहातून उचलली असेल तर संपादकाने केलेले बदल त्याचे असतात, हे ध्यानात ठेवा.

तोंडी परंपरेचा कान तयार करायचा असेल तर एक खजिना पुण्यातूनच उभा राहिला आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी सहकाऱ्यांबरोबर गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यातल्या पुष्कळ ओव्या आता ‘पारी’ या ग्रामीण भारताविषयीच्या संकेतस्थळावर गाणारणीच्या आवाजात ऐकता येतात, सोबत इंग्रजी भाषांतरही असतं. लेकराला उद्देशून म्हटलेल्या ओव्या निवडून ऐका आणि भाषांतर वाचताना आवाज बंद करा. अर्थ सगळा हाती येतो आणि डुलणं मागे राहतं. तिथे ते योग्यच आहे, कारण ते भाषांतर समजून घेण्यासाठी केलेलं आहे. आपल्याला गाण्यासाठी करायचं आहे.

अजून एक भेद. बारशाचा पाळणा आणि अंगाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाळण्यात पहिल्या दिवसापासून बाराव्या दिवसापर्यंतची हकीकत असते, तो जमलेल्या बायकांसमोर म्हणायचा असतो, आणि त्यात नावं, नाती, देव, दागिने यांना महत्त्व असतं. तिथे अर्थ सोडून चालत नाही. या लेखातली रीत अंगाईलाच लागू पडते.

उदाहरण म्हणून मी एक कडवं बेतून घेतलंय, जुन्या वळणाचं, म्हणजे कुणाच्या हक्काचा प्रश्न नको:

नीज नीज रे माझ्या बाळा
मेघ उतरला निळा सावळा
गोठ्यामध्ये निजली गाई
अंगणात या निजली जाई

आधी गा, मग लिहा

कागद बाजूला ठेवून कडवं चारपाच वेळा म्हणा, शक्यतो मांडी हलवत. फोनवर ध्वनिमुद्रण करा. आता ऐकताना दोनच गोष्टी टिपायच्या: झोका कुठे येतो, आणि आवाज कुठे लांबतो.

झोका मोजायला मात्रा उपयोगी पडतात. प्रत्येक ओळ 16 मात्रांची आहे, आठ-आठच्या दोन झोक्यांत. ‘नीज नीज रे’ आठ, ‘माझ्या बाळा’ आठ. ‘मेघ उतरला’ आठ, ‘निळा सावळा’ आठ. पाळण्याची दोरी ओढली की एक, पाळणा परत आला की दुसरा. इंग्रजीतही हेच माप पाळता आलं तर आजी त्याच चालीवर इंग्रजी ओळ म्हणू शकेल, आणि पुस्तक दोन्ही भाषांत शेजारी-शेजारी छापलं तरी गाणं एकच राहील.

आवाज लांबतो तो ओळीच्या शेवटी. बाळा, सावळा, गाई, जाई: चारही ओळी स्वरावर संपतात. ‘आ’ आणि ‘ई’ हवे तेवढे ताणता येतात, बाळ चुळबुळ करत असेल तर आणखी ताणता येतात. अंगाई ऐकताना सर्वांत आधी तपासायची गोष्ट हीच: ओळ उघडी संपते की बंद? आपल्या कडव्यातही ‘गोठ्या’मधला ठ, ‘मेघ’मधला घ असे जड वर्ण आहेत, पण ते ओळीच्या पोटात आहेत, म्हणून खुपत नाहीत. तोच ठ ओळीच्या शेवटी आला असता तर बाळ दचकलं असतं.

मग वर्ण पाहा. म, न, ण, ल, ळ, य, व, र हे वर्ण हवा पूर्ण अडवत नाहीत, तोंडातून नाहीतर नाकातून आवाज वाहता राहतो. आपल्या कडव्यात ळ तीनदा आहे, ल तीनदा, न पाचदा. ळ इंग्रजीत नाहीच. तेव्हा ळचं काम ल आणि न यांना वाटून द्यावं लागणार, एवढं लिहून ठेवा.

कच्चं भाषांतर, तेही देवनागरीत

आता अगदी शब्दाला शब्द ठेवून इंग्रजी करा. ते वाईट होईल, होऊ द्या. पुढे चित्रकाराला आणि संपादकाला अर्थ कळवायला हा कागद लागणार आहे.

हे भाषांतर, आणि पुढचेही सगळे मसुदे, देवनागरीत लिहा. इंग्रजी स्पेलिंग कानाला फसवतं. न उच्चारलेली अक्षरं कागदावर दिसतात, एकच अक्षर तीन तऱ्हांनी वाचलं जातं, आणि डोळा अर्थाकडे धावतो. देवनागरीत लिहिलं की नुसता आवाज समोर येतो. या लेखातल्या इंग्रजी ओळीही मी म्हणूनच अशा दिल्या आहेत.

स्लीप, स्लीप, माय चाइल्ड,
अ डार्क ब्लू क्लाउड हॅज कम डाउन,
द काउ हॅज स्लेप्ट इन द शेड,
द जॅस्मिन हॅज स्लेप्ट इन द यार्ड.

अर्थाला धक्का नाही. आता पेन्सिलीने ट आणि ड ला गोल करा. चाइल्ड, डार्क, क्लाउड, डाउन, दोनदा स्लेप्ट, शेड, यार्ड: आठ गोल. आणि हे पुण्यात वाचलं जाणार असेल तर आठही गोल दुप्पट जाड समजा. इंग्रज माणूस ट-ड म्हणताना जीभ दातांमागच्या हिरडीला टेकवतो. आपण ‘टाइमटेबल’ म्हणतो तसा जीभ मागे वळवून खणखणीत ट काढतो. तीच ओळ लंडनच्या तोंडात मध्यम आणि कोथरूडच्या तोंडात कडक होते. पुस्तक कोण वाचून दाखवणार आहे, हे म्हणून आधी ठरवायचं. बहुतेक वेळा ते आई, बाबा किंवा आजोबा असतात आणि त्यांचं इंग्रजी मराठी वळणाचं असतं. मग ओळ त्यांच्या जिभेवर मऊ लागली पाहिजे.

ओळींचे शेवट पाहा: चाइल्ड, शेड, यार्ड. तीन ओळी ड वर आपटून बंद. ‘शेऽऽऽड’ असं ताणून पाहा, तुमचं तुम्हालाच हसू येईल. आणि पहिलाच शब्द ‘स्लीप’. अर्थाने झोप, आवाजाने मात्र स च्या सीत्काराने सुरू होऊन प वर ओठ मिटणारा. एकदा म्हटला तर ठीक, कडवंभर धृपद म्हणून नको.

काय चित्राला द्यायचं

चित्रपुस्तकात अंगाई करण्याचा मोठा फायदा इथे आहे. कवितासंग्रहात भाषांतरकाराला मेघ, गोठा, गाय, अंगण, जाई सगळं शब्दांतच बसवावं लागलं असतं. इथे पान उघडताच चित्र दिसतं. चित्रात गोठा आहे, तर ओळीत गोठा नसला तरी चालतो. त्यामुळे जागा मोकळी होते आणि तिथे नाद बसवता येतो.

वहीत तीन रकाने करा: चित्रात येईल, शब्दांत आलंच पाहिजे, दोन्हीकडे सोडता येईल. आपल्या कडव्याचं वाटप मी असं करीन. गोठा आणि अंगण चित्रात: पेठेतल्या जुन्या वाड्याचं मागचं दार, फरसबंदी, कोपऱ्यात गोठा. मेघ चित्रात, पण त्याचा निळा रंग शब्दांतही हवा, कारण ‘ब्लू’ हा इंग्रजीतला फार मऊ शब्द आहे आणि तो उघडा संपतो. बाळाला घातलेली साद शब्दांत. निजणं दोन्हीकडे: गाय डोळे मिटून बसलेली दिसेल, शब्दांत त्याचा फक्त सूर.

‘सावळा’ अवघड आहे. मराठी कानाला त्यात विठ्ठल दिसतो, कृष्ण दिसतो. इंग्रजीत एका शब्दात हे येत नाही, आणि ‘डार्क’ म्हटलं तर रात्रीची भीतीच आत येते. मी तो अर्थ ओळीतून काढून चित्रकाराला देईन: पाळण्यामागच्या भिंतीवर विठोबाची तसबीर, ढगाच्याच रंगाची. ज्याला ओळखू येईल त्याला येईल. तळटीप मात्र नको. झोपताना तळटीप कोणी वाचत नाही.

‘गाई’ त्याहून गमतीची. गोठ्यातली गाय तर आहेच, पण बाळाला आपण ‘गाई कर’ म्हणतो, म्हणजे झोप. शिवाय ‘अंगाई’चा शेवटही तोच. एका शब्दात तीन आवाज वाजतात. कच्च्या भाषांतरात यातली फक्त गाय उरली. अशा ठिकाणी तोच खेळ त्याच जागी साधायचा हट्ट धरू नका. खेळाची नोंद ठेवा, इंग्रजीत दुसरीकडे कुठे संधी मिळते का बघा.

वाटपाला एक पथ्य आहे. चित्र आणि ओळ एकमेकांना खोटं पाडता कामा नयेत. नाद छान जमतो म्हणून ओळीत तळं आणलंत आणि चित्रात वाडा असेल, तर चार वर्षांचा श्रोता पहिल्याच रात्री विचारेल, तळं कुठाय? वगळायला मुभा आहे, नवीन काही घुसवायचं असेल तर चित्रकाराशी बोलून.

मऊ शब्दांची यादी

आता इंग्रजी शब्द जमवायचे, अर्थाने नाही, आवाजाने. स्वरावर उघडे संपणारे: लो, स्लो, ब्लू, बाय, लाय, स्काय, अवे. न-म वर गुणगुणत संपणारे: मून, ओन, होम, लेन, वॉर्म. ल वर विरणारे: ऑल, स्मॉल, लल, फॉल. न आणि म हे स्वर नव्हेत, पण तोंड बंद ठेवून ‘म्म्म’ लांबवता येतं, म्हणून ओळीच्या शेवटी चालतात.

यादी करताना एक चीड आणणारी गोष्ट लक्षात येते. झोपेशी संबंध असलेले इंग्रजी शब्द आवाजाने बऱ्याचदा टणक असतात: क्रेडल, कॉट, ब्लँकेट, बेड, क्वाएट, गुडनाइट. आणि आवाजाने लोण्यासारखे शब्द अर्थाने भलतेच: मोन म्हणजे कण्हणं, अलोन म्हणजे एकटं, ग्लूम म्हणजे उदासी. नवशिके दोन टोकांना फसतात. कोणी अर्थाच्या मागे लागून ‘क्रेडल’ची खडखड करतात, कोणी नादाच्या नादात बाळाला ‘अलोन’ म्हणून मोकळे होतात. नाद वरचढ असला तरी नकाराधिकार अर्थाकडे राहतो. शब्द काही सांगत नसेल तर चालेल, भलतंच सांगत असेल तर नाही.

वाक्प्रचारांचंही तसंच. ‘लाय लो, माय स्मॉल वन, लाय लो’ ही ओळ कानाला किती छान आहे पाहा. पण ‘लाय लो’ म्हणजे इंग्रजीत लपून राहणं, प्रकरण थंड होईपर्यंत तोंड न दाखवणं. बाळाने असं काय केलंय! म्हणून दोन शब्द जोडीने आले की जोडीचा अर्थ कोशात पाहायचाच.

ओळी बेतणं

माप आधी ठरवू. इंग्रजी मात्रा मोजत नाही, आघात मोजते. ओळीत चार आघात ठेवले आणि पहिलाच शब्द आघाताचा घेतला, की दोरी ओढल्यासारखी सुरुवात होते. सात अक्षरांची ओळ घ्या: जड-हलकं, जड-हलकं, जड-हलकं, जड. गाताना प्रत्येक अक्षराला दोन मात्रा दिल्या तर चौदा होतात, आणि शेवटचं अक्षर आणखी दोन मात्रा लांबवलं की सोळा. म्हणजे आपलीच चाल. शेवटचं अक्षर लांबवायचं आहे म्हणून ते उघडं हवं, हे दोन्ही हिशोब इथे एकत्र येतात.

पहिली ओळ. ‘नीज नीज रे’मध्ये पुनरुक्ती आहे आणि अर्थ जवळपास नाहीच, नुसती साद. इंग्रजी अंगाईतही लला, ललाय अशी निरर्थक अक्षरं शतकानुशतकं चालत आली आहेत, तेव्हा त्या परंपरेतलंच काहीतरी घडवायला हरकत नाही: ‘लल-अ-लो’. तीनदा वाहतं, शेवटी उघडं. पुढे ‘माझ्या बाळा’साठी ‘माय चाइल्ड’ नको, ‘माय बेबी’तले दोन ब बुडबुडतात. ‘माय स्मॉल, माय ओन’ घेतलं: माझं छोटुकलं, माझं आपलं. बाळ हा शब्द गेला, पण चित्रात बाळ आहेच. ‘माय’ दोनदा आल्याने ‘नीज नीज’ची पुनरुक्ती इकडे सरकली.

दुसरी ओळ. निळा मेघ उतरला. ‘ऑल द ब्लू इज कमिंग डाउन’ असा पहिला मसुदा होतो. ढग काढून रंगच उतरवला, हे मला आवडलं. पण ‘डाउन’चा ड शेवटच्या लांबवायच्या जागी येतो, आणि ‘कमिंग डाउन’मध्ये छत कोसळल्याचाही वास आहे. ‘डाउन’ऐवजी ‘होम’: सगळं निळं घरी येतंय. संध्याकाळ, गुरं परतणं, बाबा परतणं, सगळं त्यात आलं. मग ‘कमिंग’चा क काढून ‘रोलिंग’ ठेवलं. ढगही रोलत येतात, र आणि ल पाठोपाठ येतात. ‘ओन’ला ‘होम’ जुळतं का? पक्कं यमक नाही, न आणि म वेगळे आहेत. पण दोन्ही नाकातले, आणि गुणगुणताना भेद विरतो. अंगाईत असं सैल यमक पक्क्या यमकापेक्षा बरं, कारण पक्कं यमक टाळी वाजवल्यासारखं जागं करतं.

तिसऱ्या-चौथ्या ओळीत मूळ मराठी ‘निजली’ दोनदा त्याच ठिकाणी आणते. तो ठेका ठेवायचा म्हणून दोन्ही ओळी ‘लल-अ’ने सुरू केल्या. गायीसाठी आधी ‘लोइंग’ सुचलं होतं. गाय हंबरते त्याला इंग्रजीत ‘लो’ म्हणतात. पण गाय हंबरली तर बाळ उठेल, गायीने निजायला हवं. मग लक्षात येतं की ते ‘लो’ आपण पहिल्या ओळीपासून वापरतोच आहोत. लल-अ-लो: मंद, खाली, आणि गायीचा हंबर. ‘गाई’मधला हरवलेला खेळ ‘लो’मध्ये परत मिळाला, वेगळ्या जागी आणि वेगळ्या तऱ्हेने. ओळ झाली: ‘लल-अ-लो, द काउ निअरबाय’. ‘काउ’चा क आहे एक, पण तो ओळीच्या पोटात.

चौथ्या ओळीत जाई. ‘जॅस्मिन’ घेतलं तर ज, स्म, न अशी गर्दी होते आणि वर्गही चुकतो, कारण मोगरा, जुई, कुंद हे सगळे इंग्रजीत जॅस्मिनच. ‘जाई’ तशीच ठेवली तर ‘निअरबाय’शी जुळते. ‘बाय’ लांबवून गायलं की ‘बाऽय’ आणि ‘जाऽई’ यांत फरक राहत नाही. झोपलेली जाई म्हणायला ‘स्लीपी’ नको, प आहे. ‘स्नोई’चा आवाज सुरेख, पण पुण्यातल्या अंगणात बर्फ कुठून आणायचा? ‘यॉनिंग’ घेतलं: जांभई देणारी जाई. जाईची कळी संध्याकाळी उमलते, तोंड उघडते, म्हणजे जांभई शोभते. आणि जांभई संसर्गजन्य असते. वाचणारा ‘यॉ’ म्हणताना तोंड उघडतो, ऐकणारा खरीच जांभई देतो.

लल-अ-लो, माय स्मॉल, माय ओन,
ऑल द ब्लू इज रोलिंग होम.
लल-अ-लो, द काउ निअरबाय,
लल-अ-लाय, द यॉनिंग जाई.

आता पुन्हा पेन्सिल. ट आणि ड: एकही नाही. ओळींचे शेवट: ओन, होम, बाय, जाई, चारही ताणता येतात. बाळ, गोठा, अंगण, मेघ, सावळा हे पाच शब्द गेले, पाचही चित्रात आहेत.

स्पेलिंगकडे परत

आता रोमन लिपीत लिहायचं, आणि इथे जमलेलं पुन्हा बिघडू शकतं. जाई जे-ए-आय असं लिहिलं तर अर्धा भारत ‘जय’ वाचेल. मी जे-दोन ए-आय लिहीन. ‘लल-अ-लो’ सलग लिहिलंत तर पुण्यातले आजोबा यू चा ‘उ’ करून जे वाचतील त्यावर घरात हशा पिकेल, आणि का ते नातवाला सांगायची पंचाईत होईल. मध्ये जोडरेघा घालून ‘लल’ सुटा ठेवला की ‘ललबाय’मुळे ओळखीचा असलेला उच्चार आपोआप येतो. एक छोटी उच्चारसूची पुस्तकाच्या शेवटच्या पानावर चालते, ओळीच्या मध्ये नाही.

पानं आणि परीक्षा

चित्रपुस्तक साधारणपणे 32 पानांचं असतं, आपल्याकडे 16 आणि 24 पानांचीही निघतात. 32 पानांत पहिली तीन पानं शीर्षक, प्रकाशनाचा तपशील, अर्पणपत्रिका यांत जातात, आणि चौथ्या-पाचव्या पानापासून तिसाव्या-एकतिसाव्यापर्यंत समोरासमोरच्या पानांच्या 14 जोड्या मिळतात. तीन कडवी म्हणजे 12 ओळी असतील तर जोडीला एक ओळ, वर दोन जोड्या नुसत्या चित्राला. पान उलटायला एक श्वास लागतो, म्हणून पान ओळीच्या शेवटीच उलटलं पाहिजे. ‘लल-अ-लो’ एका पानावर आणि ‘द काउ’ दुसऱ्यावर असं केलंत तर झोका मध्येच अडकतो. उत्सुकता वाढवायला गोष्टीच्या पुस्तकात पान असं तोडतात, अंगाईत उत्सुकता नकोच. अप्पा बळवंत चौकात गेलात की दोनचार चित्रपुस्तकं हातात घेऊन पानं मोजा, अंदाज पक्का होईल.

परीक्षेसाठी ओळी स्वतः वाचून दाखवू नका. तुम्हाला चाल माहीत आहे, तुम्ही अडखळणार नाही. ज्याने मूळ अंगाई ऐकलेली नाही अशा एकाला आणि जिला ती पाठ आहे अशा एका आजीला छापील कागद द्या, काही न सांगता. पहिला जिथे थांबेल किंवा परत मागे जाईल तिथे अक्षरं जास्त आहेत किंवा आघात चुकीच्या जागी पडलाय. ‘निअरबाय’मध्ये हे हमखास होतं, आपल्याकडे पुष्कळ जण जोर ‘निअर’वर देतात. चालीवर म्हटलं की जोर ‘बाय’कडे सरकतो. पण पुस्तक चालीशिवायच वाचलं जाणार असेल तर ती ओळ पुन्हा पाहावी लागेल. आजींकडून वेगळं काम: त्यांना इंग्रजी ओळी जुन्या चालीवर म्हणायला सांगा. म्हणताना त्या एखादं अक्षर गिळतील किंवा एखादा ‘गं’ घालतील. त्यांनी गिळलेलं अक्षर बहुधा काढून टाकण्याच्याच लायकीचं असतं.

हे वाचन रात्री, दिवा मंद करून, हळू आवाजात घ्या. दिवसा मोठ्याने वाचताना न खुपणारा स कुजबुजताना शिट्टीसारखा येतो. आपल्या कडव्यात ‘स्मॉल’चा स तेवढा आहे, तो खपतो. एका ओळीत असे तीन झाले तर बदला.

संपादकाकडे पाठवताना चार गोष्टी एकत्र द्या: मूळ मराठी, कच्चं शब्दशः भाषांतर, अंतिम ओळी आणि चित्रकारासाठी वाटपाचा तक्ता. नाहीतर संपादक पहिला प्रश्न विचारणार की ढग कुठे गेला, आणि तुम्ही फोनवर विठोबाची तसबीर समजावत बसणार. श्रेय लिहिताना ‘भाषांतर’ न म्हणता ‘पारंपरिक मराठी अंगाईवरून’ असं म्हणावं, कारण मूळ शब्दांशी इतकी मोकळीक घेतल्यावर तेच खरं आहे. अंगाई कोणा एका आजीच्या तोंडून मिळाली असेल तर त्यांना विचारून त्यांचं नाव आणि गाव त्याच पानावर छापा, आणि मूळ मराठी कडवं देवनागरीत, निदान शेवटच्या पानावर, द्यायला सांगा.